शनिवारचा सावरडो ब्रेड पूर्णवेळ करावा का? एप्रिलमध्ये राजीनामा द्यायचा विचार आहे

कणीक

नमस्कार मंडळी. सगळी माहिती एकदाच दिली तर उत्तर देणं सोपं जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात महिन्याला ४६ हजार येतात. सावरडो, म्हणजे यीस्टऐवजी घरच्या खमिराने फुगवलेला ब्रेड, करायचा छंद बरीच वर्षं आहे, आणि गेलं वर्षभर मी दर शनिवारी तो विकते. एफएसएसएआयची नोंदणी केली आहे आणि तो चौदा आकडी नंबर पाकिटावर असतो. आमच्या आणि शेजारच्या दोन सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बुधवारी संदेश टाकते, गुरुवारी रात्रीपर्यंत ऑर्डर घेते.

शुक्रवारी ऑफिसातून आले की सात वाजता पीठ भिजवते. साडेअकरा-बारापर्यंत ते फुगतं, मग आकार देऊन टोपल्यांत घालून फ्रिजमध्ये. शनिवारी पहाटे साडेपाचला ओटीजी लावते. माझा ओटीजी ६० लिटरचा आहे, एका वेळी दोन ब्रेड बसतात. मधल्या तापवण्यासकट प्रत्येक घाण्याला तास जातो, म्हणजे १२ ब्रेड व्हायला साडेअकरा वाजतात. दुपारी मी आणि नवरा मिळून पोचवतो.

एक ब्रेड २२० रुपयांना देते. पीठ, मीठ, पाकीट, लेबल, वीज आणि अधूनमधून बिघडणारा एखादा ब्रेड धरून खर्च साधारण ७५ येतो, म्हणजे १४५ सुटतात. आठवड्याला १,७४०, महिन्याला सात हजाराच्या आसपास.

घराचा हप्ता नवऱ्याच्या पगारातून जातो. माझ्या पगारातून किराणा, मुलाची फी, सासूबाईंची औषधं असे ३१ हजार जातात आणि उरलेले शिल्लक पडतात. साडेचार लाखांची एफडी आहे. नवरा म्हणतो कर. १२ च्या वर ऑर्डर आली तर मला नाही म्हणावं लागतं, आणि नोकरीमुळे वेळ पुरत नाही हे मला रोज जाणवतं. एप्रिलमध्ये राजीनामा दिला तर दोन महिन्यांचा नोटिस पिरियड संपून जूनअखेर मोकळी होईन. दीड-दोन लाखांत छोटा डेक ओव्हन आणि मिक्सर घेता येईल असं वाटतं.

करू का? काय बघायचं राहिलंय?

---

सह्याद्रीचा_वारा

खुशाल करा! ऑर्डर परत पाठवाव्या लागतात यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? नोकरी सांभाळून धंदा वाढत नाही, हे मी माझ्या दोन्ही भावांच्या बाबतीत बघितलंय. एक पाय इथे, एक तिथे असं ठेवलं की दोन्हीकडे अर्धंच काम होतं. साडेचार लाख म्हणजे तुमच्या ३१ हजारांच्या हिशोबाने चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत ब्रेड चालला नाही तर परत नोकरी करता येते, अकाउंट्सवाल्यांना मरण नाही.

---

पेठेतला

सावरडो फुगत नसेल तर स्टार्टरमध्ये, म्हणजे त्या खमिरात, थोडी नाचणी घालून बघा, दोन दिवसांत उसळी मारतो. आणि पुण्यात हिवाळ्यात रात्री ओटीजीचा फक्त दिवा लावून त्यात ठेवायचा.

---

कणीक

@पेठेतला, धन्यवाद, पण माझा स्टार्टर उत्तम आहे. प्रश्न नोकरी सोडण्याचा आहे. 🙂

---

भट्टी_आणि_पाव

ताई, आमची साताऱ्याकडे बेकरी आहे, वडिलांपासूनची. सावरडो आम्ही गेल्या काही वर्षांत सुरू केला, पुणे-महाबळेश्वर रस्त्यावरच्या हॉटेलांमुळे. तुमचं लिखाण वाचून आधी एक विचारतो. तुम्हाला नक्की कशाचा वेळ कमी पडतोय?

तुमच्याच वेळापत्रकात बघा. शनिवारी तुम्ही ऑफिसात नसता. त्या दिवशी १२ वर थांबता ते ओटीजीत दोनच बसतात म्हणून, आणि फ्रिजमध्ये टोपल्या मावत नाहीत म्हणूनही असणार. घरच्या फ्रिजमध्ये भाजी-दूध काढलं तरी १२-१४ च्या वर टोपल्या जात नाहीत. म्हणजे शनिवारचा आकडा ओव्हनने आणि फ्रिजने अडवलाय. नोकरीने अडवलेत ते मधले वार. ह्या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींवर राजीनामा हा एकच इलाज नाही.

उद्या नोकरी सोडली आणि ओव्हन तोच राहिला, तर सोम-बुध-शुक्र-शनि असे चार दिवस भाजून तुम्ही आठवड्याला ५० च्या जवळ जाल. पण घरगुती ओटीजी रोज सहा-सात तास चालवायला बनवलेला नसतो. थर्मोस्टॅट खोटं बोलायला लागतो. आकडा २३० दाखवतो आणि आत १९५ असतं. ब्रेड वरून रंगतो, आत ओला राहतो, आणि तो दुसऱ्या दिवशी कापल्यावर गिऱ्हाइकाला कळतो, तुम्हाला नाही. आत ठेवायचं साधं काट्याचं तापमापक घ्या, दोन-चारशे रुपयांत येतं.

दोन ट्रेचा सिंगल डेक घेतला तर एका घाण्यात आठ ब्रेड निघतील, सकाळभरात ४० सहज. पण तो सहा-सात किलोवॅटचा असतो. फ्लॅटला मंजूर भार बहुतेक तीन ते पाच किलोवॅट आणि सिंगल फेज असतो. भार वाढवणं, थ्री फेज, सोसायटीची परवानगी ह्यात महिने जातात. ओव्हनची किंमत विचारायच्या आधी हे विचारा.

आता खरा प्रश्न. ३१ हजार भरून काढायला १४५ च्या हिशोबाने महिन्याला २१४ ब्रेड, म्हणजे आठवड्याला ५४ लागतात. आज १२ आहेत. ते १२ कोण घेतं? ऑर्डरची वही असेल तर मागच्या तीन महिन्यांची काढा आणि एवढंच सांगा: किती वेगवेगळी घरं, त्यांतली किती जवळजवळ दर आठवड्याला घेतात, आणि किती एकदाच घेऊन गेली.

---

जुई_नागपूर

मी आरी वर्कचे ब्लाउज करते. बँकेतली कंत्राटी नोकरी सोडून सुरू केलं. लग्नसराईत इतकं काम यायचं की रात्री दोन-दोन वाजायचे, आणि त्याच महिन्यांचा हिशोब वर्षाला गुणून मी निर्णय घेतला होता. मग चातुर्मास लागला. मुहूर्त नाहीत म्हणजे ब्लाउज नाहीत. आता त्या महिन्यांत शिकवणीचे वर्ग घेते, आणि तेच उत्पन्न भरवशाचं निघालं.

ब्रेडला मुहूर्त लागत नाही, पण पावसाळ्यात काय होतं? मे महिन्यात लोक गावी जातात तेव्हा?

---

भट्टी_आणि_पाव

जुईताईंनी बरोबर विचारलं. मे महिन्यात दुहेरी मार असतो. सोसायट्या निम्म्या रिकाम्या होतात आणि स्वयंपाकघर ३४-३५ अंशांवर जातं. जे पीठ जानेवारीत सात-आठ तास घेतं ते साडेतीन तासांत वर येतं, अर्धा तास दुर्लक्ष झालं तरी आंबून सैल पडतं. बर्फाचं पाणी वापरावं लागतं, स्टार्टर कमी घालावा लागतो. पावसाळ्यात ब्रेडची कड संध्याकाळपर्यंत नरम होते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते, आणि पहिल्या तक्रारी त्याच महिन्यांत येतात. वर्षभर विकताय म्हणजे हे तुम्ही बघितलं असेलच. त्या महिन्यांतला खप वेगळा काढा.

---

निवांत

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो, कारण आमच्या भागात अशीच एक ताई ब्रेड द्यायची आणि आम्ही तीन-चार वेळा घेऊन थांबलो. ब्रेड अप्रतिम होता. पण घरात आई-बाबा आहेत, त्यांना कड चावत नाही. कापायला आमच्याकडे दातेरी सुरी नव्हती. आणि मुलांचा डबा असतो सोमवार ते शुक्रवार, ब्रेड यायचा शनिवारी. रविवारी पोहे-उपमा, सोमवारी ब्रेड शिळा. तिला हे कधी सांगितलं नाही, कारण तिने कधी विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायला संकोच वाटला.

तुमच्या वहीत एकदाच घेऊन थांबलेली घरं असतील, त्यांना फोन करून विचारा. पुन्हा घ्या म्हणून नव्हे, का थांबलात म्हणून.

---

आकडेमोड

माझं काम लोकांचे कर आणि पीएफचे कागद बघण्याचं आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच लिहिते.

१) ग्रॅच्युइटीसाठी विचारते, या कंपनीत तुम्हाला पाच वर्षं कधी होतात?
२) आरोग्य विमा कंपनीचा आहे का, आणि सासूबाई त्यात आहेत का?

ह्या दोन उत्तरांवर तुमची तारीख ठरेल. बाकीचं नंतर.

---

कणीक

@आकडेमोड, पाच वर्षं सप्टेंबरच्या मध्यावर होतात. विमा कंपनीचाच आहे, त्यात आम्ही तिघं आणि सासूबाई. त्यांना मधुमेह आहे. नवऱ्याच्या कंपनीचा विमा आहे पण त्यात आईवडील घेत नाहीत.

@भट्टी_आणि_पाव, काल रात्री वही घेऊन बसले. नोव्हेंबर ते जानेवारी, बारा शनिवार, १४४ ब्रेड. एकूण ३८ घरं. त्यांतल्या ९ घरांनी मिळून ८१ घेतले, म्हणजे जवळजवळ दर आठवड्याला. १२ घरांनी तीन-चार वेळा घेतले, ते ४६. आणि १७ घरांनी एकदाच.

हे असं मांडून मी कधी बघितलं नव्हतं. दर शनिवारी १२ संपतात एवढंच डोळ्यांसमोर होतं.

---

भट्टी_आणि_पाव

उत्तम वही आहे ताई, आमच्या बेकरीतसुद्धा इतकी स्वच्छ नोंद नसते. आता वाचू या.

९ घरं तुमचा पाया. ती आठवड्याला सरासरी पावणेसात ब्रेड घेतात, म्हणजे एका घरामागे पाऊण. बाकीचे पाच तुम्ही दर आठवड्याला नव्याने मिळवता, बुधवारचा संदेश टाकून. संदेश टाकला नाही तर शनिवारी सातच जातील असं मी धरून चालतो.

५४ ब्रेड भरवशाने जायचे तर अशी ७२ घरं हवीत. ३८ घरांनी चव घेतली तेव्हा ९ टिकली, चारात एक. हे प्रमाण चांगलं आहे, मी वाईट म्हणत नाही. पण ७२ टिकायला ३०० घरांनी एकदा तरी घ्यायला हवा. तीन महिन्यांत ९ या गतीने उरलेली ६३ घरं जोडायला पावणेदोन वर्षं लागतात.

कॅफेला देऊन आकडा लवकर भरतो असं कोणी सांगेल. कॅफे १३०-१४० च्या वर देत नाहीत, त्यात तुम्हाला ५५-६५ सुटतील, आणि बिल महिना-दीड महिन्याने मिळतं. त्या भावात ३१ हजारांना पावणेपाचशेहून जास्त ब्रेड लागतात. ते घरच्या ओव्हनचं काम नाही.

---

सह्याद्रीचा_वारा

हा हिशोब मला पटत नाही. पावणेदोन वर्षं ही गती नोकरी करतानाची आहे. आठवड्यातून एकच दिवस आणि १२ चीच मर्यादा, मग घरं वाढणार कशी? पूर्ण वेळ दिला, बुधवारीही ब्रेड दिला (निवांत यांनी सांगितलंच आहे की डब्याला हवा असतो), चार नव्या सोसायट्यांत चव घ्यायला ठेवला, तर हीच गती तिप्पट होईल. जे अजून केलंच नाही त्याचा वेग जुन्या वहीतून कसा काढता?

आणि ग्रॅच्युइटीसाठी सप्टेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. चार वर्षं २४० दिवस झाले की मिळते. जूनअखेर ते होऊन जातात.

---

भट्टी_आणि_पाव

वाऱ्याचा पहिला मुद्दा खरा आहे, वेग वाढू शकतो. माझं म्हणणं एवढंच की तो वाढतो का हे नोकरी असतानाही बघता येतं. चव द्यायला सोसायटीत जायचं ते शनिवारी-रविवारी संध्याकाळीच, माणसं तेव्हाच घरी असतात. त्याला राजीनामा लागत नाही. मंगळवारी रात्री भिजवून बुधवारी पहाटे चारच ब्रेड भाजायचे, दोन घाण्यांत ऑफिसच्या आधी होतात. बुधवारचे चार जातात का, ते कोण घेतं, नवी घरं की तीच नऊ? तीच नऊ घरं शनिवारऐवजी बुधवारी घेऊ लागली तर काही वाढलं नाही.

---

आकडेमोड

ग्रॅच्युइटीबद्दल. चार वर्षं २४० दिवस हे काही उच्च न्यायालयांच्या निकालांत आहे, वारा यांनी हवेत सांगितलेलं नाही. पण कायद्याच्या मजकुरात सलग पाच वर्षं आहेत आणि कित्येक कंपन्या त्याच्यावर बोट ठेवून नाकारतात. मग भांडत बसायचं. एचआरकडून ईमेलवर लेखी मिळालं तरच त्यावर विसंबा. कणीक, तुमचं मूळ वेतन समजा २४ हजार असेल, तर त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि पाचने गुणायचं, ६९ हजार होतात. अडीच महिने थांबल्याने अडीच पगार आणि वर ही रक्कम. म्हणजे ओव्हनचा मोठा हिस्सा निघाला. जुलैच्या मध्यावर राजीनामा दिला तरी नोटिस संपेपर्यंत पाच वर्षं होतात. शेवटची तारीख पाच वर्षांच्या दोन-चार दिवस पुढे जाईल असं बघा.

विमा याहून महत्त्वाचा. कंपनीचं संरक्षण शेवटच्या दिवशी संपतं. सासूबाईंसाठी नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याऐवजी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन मागता येतं, त्यात आधी झालेला कालावधी धरला जातो. कंपनी प्रकृती तपासून ठरवते, त्यामुळे हप्ता किती येईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून राजीनाम्याच्या आधीच विमा कंपनीला लिहा आणि आकडा हातात घ्या. तो आकडा तुमच्या ३१ हजारांत आज नाही.

बचतीचं म्हणाल तर साडेचार लाखांना ३१ हजारांनी भागून चौदा महिने धरणं चुकीचं आहे. ओव्हन-मिक्सरचे एक लाख साठ हजार गेले, दोन लाख नव्वद उरले. तीन महिन्यांचा खर्च दुखण्या-बाणण्यासाठी बाजूला ठेवला की एक लाख सत्त्याण्णव हजार. ब्रेडचे सात-आठ हजार येत राहतील, म्हणून महिन्याला २३-२४ हजार कमी पडतील. आठ महिने झाले. विम्याचा हप्ता धरला तर आणखी कमी.

पावणेदोन वर्षं आणि आठ महिने, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. वारा म्हणतात तशी गती तिप्पट झाली तर जेमतेम जमतं. दुप्पट झाली तर नाही.

---

रेवा_ठाणे

सगळं वाचलं. घरचं मात्र कुणी विचारलं नाही. "नवरा म्हणतो कर" याच्या पुढे काय? सासूबाई काय म्हणतात? मुलगा कितवीत आहे?

आमच्याकडे मी घरून डबे देत होते तेव्हा सगळ्यांचा पाठिंबा होता. अडचण आली ती ओट्यावरून. माझे डबे भरायचे आणि सासऱ्यांचा चहा एकाच वेळी. कुणी वाईट नव्हतं, पण वर्षभरात घरात कुरबूर सुरू झाली. होकार मागू नका, नेमकं विचारा. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री ओटा कोणाचा? फ्रिजचे दोन खण कायमचे गेले तर चालेल का? शनिवारी दुपारी नवऱ्याला काम निघालं तर ब्रेड कोण पोचवणार?

---

कणीक

रेवाताई, विचारलंत ते बरं केलंत, कारण तुमचे प्रश्न काल रात्री जेवताना मी तसेच मांडले.

सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शुक्रवारी मी साडेसातला जेवून घेते ते तुला ओटा मोकळा मिळावा म्हणून. हे मला आजवर माहीत नव्हतं. त्यांना मधुमेहामुळे जेवणाची वेळ पाळावी लागते. आठवड्यातून एकदा चालेल, चारदा नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल. नवऱ्याने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की त्याच्या मनात दहावीची परीक्षा झाल्यावर असं होतं. "कर" म्हणाला होता, पण कधी ते आम्ही दोघांनीही बोललो नव्हतो. तो फ्रिज द्यायला तयार आहे, हॉलच्या कोपऱ्यात जुना सिंगल डोअर घेऊ म्हणतो. पोचवण्याबद्दल तो म्हणाला की शनिवार ठीक, मधल्या वारी जमणार नाही.

थांबलेल्या १७ घरांपैकी अकरा जणांशी बोलले. चौघांनी कडेचंच सांगितलं, तिघांना कापून हवा होता. दोघी म्हणाल्या, २२० चा ब्रेड आम्ही पाहुण्यांसाठी घेतो, रोजच्यासाठी नाही. दोघींनी संदेश वाचलाच नव्हता.

---

निवांत

कड आणि कापणं, दोन्ही सुटण्यासारखं आहे. टिनमध्ये भाजलेला, थोडं तेल किंवा दूध घातलेला ब्रेड आमच्या आईने खाल्ला असता. त्याला सावरडो म्हणतात की नाही ठाऊक नाही.

---

भट्टी_आणि_पाव

म्हणतात की, खमीर तेच आहे. आणि टिनचा आकार चौकोनी, ओटीजीत दोनाऐवजी तीन-चार लहान टिन बसतात. तुमचा ओव्हनचा अडसर तिथेच थोडा सैल होतो. मात्र कापून द्यायचा तर पूर्ण थंड झाल्यावरच, दोन-तीन तास. गरम कापला तर आतला भाग चिकट होतो आणि पिशवीत वाफ धरून बुरशी लवकर येते. म्हणजे शनिवारी दुपारी पोचवायचा ब्रेड सकाळी नऊच्या आत बाहेर हवा.

त्या दोघींचं २२० चं उत्तर जपून ठेवा. त्यावर भाव कमी करू नका, ती दोन घरं तुमच्या ७२ मध्ये नाहीत एवढंच.

ओव्हन विकत घ्यायच्या आधी एक सुचवतो. तुमच्या भागात पाव-खारीची जुनी बेकरी असेल. तिची भट्टी पहाटेचे पाव झाले की सकाळी दहा ते दुपारी तीन मंदावलेली असते. तासावर किंवा ब्रेडमागे काही पैसे ठरवून घाण्याला जागा देतात, आम्हीही दोघांना देतो. साडेपाच-सहाशे रुपयांत २० ब्रेड भाजून निघाले तर ब्रेडमागे खर्च ३० ने वाढतो, पण दीड लाख अडकत नाहीत, थ्री फेजची भानगड नाही, आणि सासूबाईंचा ओटा मोकळा राहतो. रजा शिल्लक असेल तर मे महिन्यात दोन आठवडे घ्या आणि आठवड्याला ३० ब्रेड करून बघा. मे निवडा, कारण गिऱ्हाईक कमी आणि उकाडा जास्त. त्यात निभावलं तर इतर महिन्यांचं मला फारसं वाटत नाही.

---

सह्याद्रीचा_वारा

मे महिन्यात करून आकडे कमी आले की तुम्ही तिला थांबा म्हणाल. हा प्रयोग नापास व्हायलाच मांडलाय.

---

भट्टी_आणि_पाव

खप कमी आला तर तो मे महिन्याचा आहे हे धरूच. मला बघायचंय ते वेगळं: सलग दोन आठवडे ३० ब्रेड केल्यावर शेवटचा ब्रेड पहिल्यासारखा निघतो का, आणि शेवटच्या दिवशी ताईंना पीठ भिजवावंसं वाटतं का.

---

आकडेमोड

आणि वीज. घरातच भाजत राहिलात तर महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० युनिटपर्यंत घरगुती दर अशी तरतूद राहिली आहे. आठवड्याला ५४ ब्रेडचे २७ घाणे म्हणजे महिन्याला दीडशेच्या वर युनिट वाढतील. घरचा वापर दोनशे असेल तर ही मर्यादा ओलांडली जाते. आपल्या उपविभागात सध्याचा नियम विचारून ठेवा.

---

कणीक

एप्रिलचा राजीनामा मी मागे घेतला, म्हणजे अजून दिलाच नव्हता. विमा कंपनीला आज ईमेल केलं. दुसऱ्या बुधवारपासून चार टिन ब्रेड करणार, कापून, डब्यासाठी. त्याचा संदेश नेहमीच्या नऊ घरांना मुद्दाम पाठवणार नाही, नवी घरं येतात का ते कळावं म्हणून. सप्टेंबरनंतर सोडायचं की दहावी झाल्यावर, यावर आमच्या दोघांचं अजून एकमत नाही. वारा यांचा मुद्दाही डोक्यात आहे, कारण बुधवारचे चार ब्रेड गेले तरी त्यावरून ५४ जातील असं म्हणता येणार नाही हे मला दिसतंय.

जवळच्या बेकरीत आज संध्याकाळी जाऊन आले. मालक तयार आहेत, अकरा ते दोन भट्टी देतो म्हणाले. पण त्याच भट्टीत अंड्याचे केक भाजतात. माझ्या नऊ घरांतली दोन घरं जैन आहेत. भट्टी दगडी लादीची आहे, ट्रे वेगळे आणले तर चालेल का?

---

भट्टी_आणि_पाव

ट्रे वेगळे आणा, लादी घासून घ्या, पण चालेल का हे मी सांगू शकत नाही आणि बेकरीवालाही नाही. त्या दोन घरांना आधी विचारा. काहींना ट्रे वेगळा पुरतो, काहींना भट्टीच वेगळी लागते. न विचारता दिलात आणि नंतर कळलं तर ती घरं तर जातीलच, सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं जाईल. नाही म्हणाले तर त्यांचे दोन ब्रेड घरच्या ओटीजीत आणि लेबलवर वेगळी खूण.

आणि एक, अकराला भट्टी मिळाली तरी तिचं तापमान तुमच्या काट्याने मोजा. पाव काढून तीन तास झालेले असतील तर लादी थंड झालेली असते, ब्रेड खालून फिका राहतो. मालकाला विचारा, अकराच्या आधी अर्धा तास पुन्हा पेटवून देतील का. त्याचे पैसे वेगळे लागतील.